वर्षाच्या मध्यात वाढलेली फी आणि आपलं मौन

सोलापूरच्या नवी पेठेत साडी घेताना दहा दुकानं फिरणारा आणि पन्नास रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारा पालक, मुलाच्या डायरीत आलेल्या फीच्या चिठ्ठीपुढे मात्र निमूट मान खाली घालतो. समजा, दिवाळीच्या सुट्टीनंतर चिठ्ठी आली: विकास शुल्क तीन हजार, वार्षिक शुल्क दोन हजार, बसचे महिन्याला तीनशे जास्त. शाळेच्या फाटकाबाहेर सगळे चडफडतात, आत जाऊन कोणी विचारत नाही. पोराला वर्गात उभं करतील, ही भीती खरी आहे. पण त्याच भीतीवर ही वसुली चालते, आणि तिला खतपाणी घालतो तो ऐपतीचा दिखावा म्हणून पहिल्याच दिवशी पैसे भरून मोकळा होणारा सुस्थितीतला पालक. त्याच्या मौनाची किंमत पेठेतल्या दुकानात दिवसभर उभं राहून काम करणारा बाप मोजतो.

महाराष्ट्रात शुल्क विनियमनाचा कायदा 2011 सालचा आहे. त्यानुसार खासगी शाळेने फीचा प्रस्ताव नवं वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. समितीने ठरवलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील राहते. मग नोव्हेंबरात अचानक उगवलेल्या चिठ्ठीला आधार कोणता? म्हणून पहिला प्रश्न रकमेचा नको. समितीची बैठक कधी झाली, तिच्या इतिवृत्तात हे शुल्क आहे का, त्याची प्रत द्या, एवढंच लेखी मागावं. मंजूर फीपेक्षा जास्त घेण्याची मुभा कायदा देत नाही, मग त्या पैशाला विकास म्हणा की वार्षिक.

विकास शुल्काबद्दल आणखी एक विचारायला हवं: पैसा गेला कुठे? 2004 साली दिल्लीच्या शाळांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे शुल्क शिक्षण शुल्काच्या 15 टक्क्यांच्या आत आणि फर्निचर, उपकरणं यांसाठीच ठेवायला सांगितलं, त्याचा हिशेबही वेगळा ठेवायला लावला. तो निकाल दिल्लीपुरता असला तरी प्रश्न इथेही तोच आहे. बसचं भाडं हा शालेय परिवहन समितीचा विषय. तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो. त्याने कशाला संमती दिली, हे त्यालाच विचारावं.

कार्यकारी समितीतले पालक इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. आपण नाव देत नाही, म्हणून संस्थेच्या मर्जीतले लोक तिथे बसतात आणि आपल्या नावाने सह्या करतात. हा गुन्हा एकट्या संस्थाचालकांचा नाही.

कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर विभागीय शुल्क नियामक समितीकडे दाद मागायला 25 टक्के पालक एकत्र यावे लागतात. चारशे मुलांच्या शाळेत साधारण शंभर सह्या. फाटकाबाहेर रोज चडफडणारे त्याहून जास्त आहेत.