'वेदना आणि विद्रोह' एवढ्यावर बागुलांची कथा संपत नाही

गेल्या महिन्यात दौंडच्या विहारात रविवारी बसलो होतो. शिरूर आणि दौंड तालुक्यातली, एम. ए. मराठी करणारी आपली काही मुलं-मुली निबंध घेऊन आली होती. विषय होता आधुनिक मराठी कथेतील आशयसूत्र आणि निवेदनतंत्र. बहुतेकांनी कथा निवडली होती बाबूराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती'. निवड उत्तमच. पण निबंध वाचले आणि आम्हाला वाईट वाटले. जवळजवळ प्रत्येकात तीन पाने कथानक, एक परिच्छेद 'दलितांच्या व्यथा-वेदना' आणि शेवटी 'लेखकाने विद्रोह प्रभावीपणे मांडला आहे' हे वाक्य. निवेदनतंत्राच्या वाट्याला एकच ओळ आली होती: 'कथा प्रथमपुरुषी आहे.'

मित्रांनो, हा फक्त मार्कांचा प्रश्न नाही. दलित साहित्यात अनुभव आहे पण कला नाही, हा आरोप प्रस्थापित समीक्षेने वर्षानुवर्षे केला. आपण बागुलांच्या कथेतली फक्त वेदना मोजली आणि तिची रचना पाहिलीच नाही, तर तोच आरोप आपण आपल्या हाताने सिद्ध करून देतो. खांडेकर-फडक्यांच्या कथेचे तंत्र तपासायचे आणि बागुलांच्या कथेचे फक्त दुःख सांगायचे, ही वाङ्मयातली वेगळी पंगत झाली.

तर मग तंत्र पाहायचे म्हणजे नेमके काय करायचे? शीर्षकापासून सुरुवात करू. 1963 साली आलेल्या कथासंग्रहाचेही हेच नाव आहे. निवेदकाचे गुपित पहिल्या ओळीच्या आधी शीर्षकच फोडते. कथेत तो रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधना येथे जातो. तिथल्या कामगारांना त्याची जात ठाऊक नाही, पण आपल्याला वाचक म्हणून ती ठाऊक आहे. म्हणजे 'हा कोण असेल' हे कुतूहल लेखकाने स्वतःहून टाकून दिले आणि त्याच्या जागी 'हे कधी उघडे पडेल' ही धास्ती ठेवली. जात विचारली की निवेदक सरळ उत्तर न देता मुंबईकरपणाचा आव आणतो. ऐकणाऱ्याला ते भाषण रुबाबदार वाटते, पण आपल्याला त्यामागची भीती ऐकू येते. एकच वाक्य दोन कानांना दोन अर्थ देते. हे तंत्र आहे आणि आशयही इथेच घडतो, कारण जात लपवून जगणे म्हणजे प्रत्येक वाक्य दोनदा तोलणे.

रांजणगावच्या एमआयडीसीत खोली शोधताना 'आडनाव काय?' या प्रश्नावर ज्याने क्षणभर गिळले आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पण निबंधात 'मलाही असा अनुभव आला' एवढे लिहून भागत नाही. तो क्षण कथेने वाचकाच्या अंगावर कसा आणला, हे दाखवावे लागते.

त्यासाठी एक साधी रीत आहे. कथा दुसऱ्यांदा वाचताना वहीत चार रकाने आखा: प्रसंग, निवेदकाला काय माहीत आहे, समोरच्याला काय माहीत आहे, वाचकाला काय माहीत आहे. रामचरण तिवारीचे प्रसंग त्यात भरा. कवितेच्या ओढीने तिवारी निवेदकाला मान देतो, जवळ करतो. तिवारीच्या रकान्यात 'कवी' लिहिले जाते आणि निवेदकाच्या रकान्यात 'कवी, पण उघडा पडलो तर?' या दोन रकान्यांतले अंतर तिवारीच्या प्रत्येक आपुलकीबरोबर वाढत जाते. प्रेम वाढेल तसा धोका वाढतो, हे कथेचे यंत्र तुम्हाला कागदावर दिसू लागेल. मग निबंधाचे मुख्य विधान आपोआप सुचते. उदाहरणार्थ: 'वाचकाला आधीच सहभागी करून घेणाऱ्या प्रथमपुरुषी निवेदनामुळे ही कथा जातीचा अपमान मारहाणीच्या प्रसंगाआधीच, आपुलकीच्या प्रसंगांत दाखवते.' याला प्रतिवाद करता येतो, म्हणूनच ते विधान आहे. 'कथेत जातीयतेचे चित्रण आहे' याला कोणीच नाही म्हणणार नाही, म्हणून त्यावर निबंध उभा राहत नाही.

चर्चेत एका तरुण कार्यकर्त्याने आक्षेप घेतला. म्हणाला, "दादा, निवेदक भित्रा आहे. खरा आंबेडकरी नायक काशिनाथ सकपाळ. तो जात लपवत नाही, चाकू काढतो. निबंध त्याच्यावर लिहायला पाहिजे." आक्षेप वजनदार आहे. पण मग एक प्रश्न विचारावा लागतो: बागुलांनी कथा काशिनाथच्या तोंडून का सांगितली नाही? तो सांगता तर लपवणे नाही, धास्ती नाही, कथा पहिल्याच भांडणात संपली असती. काशिनाथला बाहेरून दाखवल्यामुळे निवेदकाचे गप्प राहणे आपल्याला अधिक टोचते. दोघांना शेजारी ठेवणे ही रचनेची निवड आहे. त्यातला एक निवडून दुसऱ्याला नापास करणे ही समीक्षा नव्हे.

शेवटाकडे या. जात उघडी पडते, निवेदकाला मारहाण होते, काशिनाथ त्याला सोडवतो. मार का खाल्लास, असे त्याने विचारल्यावर निवेदक जे उत्तर देतो त्याचा आशय असा की मारणारी ही माणसे नव्हेत, मारणारा मनू आहे. हे वाक्य आपली पोरे घोषणेसारखे उद्धृत करतात आणि निबंध संपवतात. खरे तर निबंध इथे सुरू व्हायला हवा. या उत्तराने मारणाऱ्या माणसांची सुटका होते का? की एका माणसाच्या हातामागची हजारो वर्षांची व्यवस्था दिसते? आमच्या मते कथा हा प्रश्न मिटवत नाही. काशिनाथचा चाकू समोरच्या माणसावर रोखलेला आहे, निवेदकाचे बोट व्यवस्थेकडे आहे, आणि दोन्ही एकाच चौकटीत उभे आहेत. ही ताणाताणी दाखवणारा विद्यार्थी आशयसूत्राबद्दल खरोखर काही बोलतो.

तीन चुका मात्र टाळा. पहिली: निवेदक म्हणजे बागूल असे धरून चालणे. बागुलांच्या आयुष्यातला अनुभव कथेमागे असेल, पण कथेतला 'मी' रचलेला आहे. 'निवेदक म्हणतो' असे लिहा, 'बागूल म्हणतात' असे नको. दुसरी: 'तिवारीच्या मनात आले' असे लिहिणे. तिवारीचे मन आपल्याला दिसतच नाही, दिसते ते निवेदकाच्या नजरेतून. ही या तंत्राची मर्यादा आहे आणि ती नोंदवली तर निबंधाचे वजन वाढते. तिसरी: कथानकाचा पूर. हजार शब्दांत कथानकाला शंभर-सव्वाशे पुरेत. परीक्षकाने कथा वाचलेली असते. स्वतःलाच तपासायचे असेल तर निबंधातले प्रत्येक वाक्य वाचून विचारा: कथा न वाचता, नुसता सारांश वाचून हे लिहिता आले असते का? उत्तर 'हो' आले तर ते वाक्य काढा.

त्या रविवारी रेल्वे कॉलनीत वाढलेल्या एका मुलीने आपला निबंध परत घेतला आणि शीर्षकातल्या एकाच शब्दावर बोट ठेवले. म्हणाली, "चोरी तर दुसऱ्याच्या वस्तूची होते. स्वतःचीच जात लपवली, तर ती 'चोरली' कशी?" आम्ही सगळे गप्प झालो. चोरीचा आळ घेणाऱ्यांचा शब्द निवेदक स्वतःसाठी वापरतो. तो उपरोधाने, की व्यवस्थेने त्याच्याही तोंडात घातला म्हणून? तिला आम्ही सांगितले: हाच तुझा पहिला परिच्छेद. व्यथा-वेदना खोडून टाक, इथून सुरू कर.

जय भीम.