गच्चीचा भागाकार

गेल्या वर्षी आमच्या बेळगावच्या घरावर सोलर पॅनेल बसवायचे ठरले. कंत्राटदार आले, त्यांनी फीत लावून गच्ची मोजली. पूर्व-पश्चिम आठ मीटर, दक्षिणोत्तर सहा. अठ्ठेचाळीस चौरस मीटर. एक पॅनेल सुमारे २.६ चौरस मीटरचे. "अठरा बसतील हो काका, आरामात," असे वडिलांना सांगून ते चहा पिऊन गेले. शेवटी बसली सात. अठराचे सात कसे झाले, हे मला लिहायचे आहे. कारण माझे मत असे की हा भागाकार करणेच मुळात चूक आहे.

पहिली काट सावलीची. आमच्या गच्चीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात जिन्याची खोली आहे, दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच. (पाण्याची टाकी तिच्यावर नाही, परसात आहे, हे आमचे नशीब. वास्तुशास्त्रवाले टाकी नैर्ऋत्येलाच हवी म्हणतात आणि आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. तेव्हा नेमकी नको तिथे सावली.) डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात मी खडू घेऊन गच्चीवर बसलो. बेळगावात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळाच्या साडेबाराच्या सुमारास, म्हणून साडेनऊ, साडेबारा आणि साडेतीन या वेळांना सावलीच्या कडा आखल्या. हिशेबही जुळला: त्या दिवसांत साडेतीनला एक मीटर उंचीची सावली पूर्वेकडे सव्वा मीटर आणि उत्तरेकडे साधारण एक मीटर पडते. पॅनेलचा सांगाडा दीड मीटर उंचीपासून सुरू करायचा होता. खोली त्याहून मीटरभर उंच, म्हणून तिच्या पूर्वेचा सव्वा मीटर सोडला. चालायला कडेची जागा सोडली. उरला तो जवळजवळ ४.६ मीटरचा चौरस.

आता दुसरी काट, आणि ही मला जास्त मौजेची वाटली. आजचे नेहमीचे मोठे पॅनेल २.२७८ मीटर लांब आणि १.१३४ मीटर रुंद असते. म्हणजे लांबी रुंदीच्या जवळजवळ नेमकी दुप्पट. दोन पॅनेलांमध्ये चिमट्यासाठी दोन सेंटिमीटर सोडली की प्रत्येक पॅनेल म्हणजे चौकटीच्या कागदावरची शेजारची दोन घरे. आमचा चौरस चार बाय चार, म्हणजे सोळा घरे, आठ पॅनेल. पण नैर्ऋत्येच्या घरात मधल्या खोलीच्या उजेडाचा झरोका आणि ईशान्येच्या घरात न्हाणीघरातल्या बंबाचे धुराडे. ही दोन घरे सोडावीच लागणार. उरली चौदा. कंत्राटदार म्हणाले, "मग सात. आडवी-उभी करून बसवू."

मी संध्याकाळभर कागदाचे तुकडे फिरवत बसलो. सात बसेनात. मग बुद्धिबळाच्या पटासारखी घरे एकाआड एक काळी-पांढरी रंगवली आणि कारण दिसले. समोरासमोरचे कोपरे एकाच रंगाचे असतात. ती काढल्यावर एका रंगाची सहा आणि दुसऱ्याची आठ घरे उरतात. पॅनेल कसेही ठेवा, ते एक काळे आणि एक पांढरे घर झाकते. सहा पॅनेलांनंतर दोन एकाच रंगाची घरे उरतात आणि ती कधीच शेजारी नसतात.

कंत्राटदारांना हे सांगितले तर ते म्हणाले, "मग सातवे खोलीच्या बाजूला टाकतो, थोडी सावली आली तर काय बिघडतं?" बिघडते ते असे: ही पॅनेल एकामागोमाग एका माळेत जोडलेली असतात आणि माळेतून वीजप्रवाह सगळीकडे एकच वाहतो. सावलीतला भाग तेवढा प्रवाह देऊ शकत नाही. पॅनेलमधले बायपास डायोड त्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेतात, त्यामुळे सारी माळ बंद पडत नाही हे खरे. पण सावलीतल्या पॅनेलचे उत्पन्न बरेचसे जाते, आणि इन्व्हर्टर चुकीच्या दाबावर स्थिरावला तर बाकीच्यांचेही थोडे जाते. पूर्ण किंमत मोजून अर्धवट माल घ्यायचा कशाला?

उपाय त्याच रंगांत होता. धुराडे पत्र्याच्या नळीचे. ती नळी गच्चीखालून वळवून एक घर पश्चिमेला काढली, म्हणजे सव्वा मीटरही नाही. आता झरोका एका रंगावर, धुराडे दुसऱ्यावर. चार बाय चारच्या चौरसात भिन्न रंगांची कोणतीही दोन घरे वगळली तरी उरलेली चौदा नेहमी सात जोड्यांत बसतात. धुराडे उत्तरेच्या कडेलाच राहिल्याने हिवाळ्यात त्याची सावली पॅनेलवर पडत नाही. गवंड्याची एका दिवसाची मजुरी आणि एक कोपर नळी, एवढ्यात ५४० वॅटचे पॅनेल वाढले.

कंत्राटदारांना मी दोष देत नाही. त्यांचा दर किलोवॅटवर ठरतो, घरांवर नाही. पण पैसे देण्याआधी त्यांच्याकडून गच्चीचा चौकटीच्या कागदावरचा नकाशा आणि त्यावर डिसेंबरची सावली मागायला हवी, असे मला ठामपणे वाटते. आमच्या गच्चीवर खडूच्या रेघा पहिल्या वळिवापर्यंत टिकल्या. सांगाड्याखालच्या सावलीवर मात्र आईची नाराजी आहे. पापड वाळवायला तिला आता जिन्याच्या खोलीच्या छपरावर चढावे लागते.