गरिबीचा दाखला आणि शिष्यवृत्तीचा निबंध

शासकीय शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका आणि लागू असेल तर जातीचा दाखला अशी कागदपत्रे जोडली की बहुतेक वेळा भागते. निबंध मागतात त्या मुख्यतः खासगी विश्वस्त संस्था. घरची गरिबी त्यांना तहसील कार्यालयाच्या दाखल्यावरून कळलेलीच असते. त्या परिस्थितीचा शिक्षणावर नेमका काय परिणाम झाला आणि विद्यार्थ्याने त्यावर काय केले, हे कोणत्याही दाखल्यात नसते. निबंध त्यासाठी असतो.

समजा, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातली, घराण्यातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेली मुलगी बीएस्सीला भूशास्त्र शिकते आहे. पहिल्या मसुद्यात हमखास वाक्य येते : ‘अठराविश्वे दारिद्र्यात आईवडिलांनी रक्ताचे पाणी करून मला शिकवले.’ ते खरेच असते. पण गठ्ठ्यातल्या कितीतरी अर्जांत तेच असते, आणि त्यातून या मुलीबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येते : ‘आईवडील मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ते मार्च-एप्रिलमध्ये परततात. तोवर घर, आजी आणि धाकटा भाऊ माझ्याकडे असतात. पहिल्या सत्रात आजी आजारी पडली, माझी प्रात्यक्षिके बुडाली आणि रसायनशास्त्रात एटीकेटी लागली. पुढच्या हंगामात भावाला शाळेच्या हंगामी वसतिगृहात घातले आणि तो विषय सोडवला.’ यात हळहळीचा एकही शब्द नाही, तरी काही निसटलेले नाही. एटीकेटी मात्र लपवू नये. गुणपत्रिका सोबत जोडलेलीच असते.

परिस्थितीचा हा भाग निबंधाच्या एक तृतीयांशाहून मोठा झाला, की ध्येयाला जागा उरत नाही. मग ‘समाजाची सेवा करायची आहे’ अशा एका ओळीवर ते उरकले जाते. खरे तर या मुलीकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. गावची विहीर फेब्रुवारीत तळ गाठते, आणि शेजारच्या शिवारातली मेपर्यंत टिकते. बेसाल्टमध्ये पाणी मुख्यतः भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते, हे वर्गात शिकल्यावर तिला या फरकाचे कारण शोधावेसे वाटले. त्यासाठी जॅम परीक्षा देऊन एमएस्सी करायची, भूजलात विशेष अभ्यास करायचा आणि पुढे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेत काम मिळवायचा प्रयत्न करायचा, असा तिचा मार्ग आहे. घरी विचारायला कोणी नव्हते, ही तक्रार वेगळी लिहावी लागत नाही. ‘जॅमचा अभ्यासक्रम विभागातल्या प्राध्यापकांकडून समजून घेतला’ या वाक्यात ती आपोआप येते.

शेवटी पैशांचा हिशेब द्यावा : क्षेत्रभेटीचा खर्च, पुस्तके, परीक्षा शुल्क, प्रत्येकी किती. ही बेरीज अर्जात मागितलेल्या रकमेशी जुळवूनच निबंध पाठवावा. ती जुळली नाही, तर मुलाखतीत आधी त्यावरच विचारले जाण्याची शक्यता असते.