०.०००४ म्हणजे शून्य नव्हे

फंड विकणाऱ्या एका संस्थेचं माहितीपत्रक या आठवड्यात एका वाचकाने पाठवलं. दोन इक्विटी फंडांच्या मासिक परताव्यांचा कोव्हेरियन्स त्यात ०.०००४ दिला आहे आणि त्यावरून निष्कर्ष काढलाय की आकडा जवळपास शून्य, म्हणजे फंडांचा एकमेकांशी संबंध नाही. दोन्ही घ्या, जोखीम विभागली जाईल. हे वाचून संताप आला. आकडा बरोबर असेलही, त्याचा अर्थ साफ चुकीचा आहे.

पत्रकात मूळ परतावे नाहीत. म्हणून नेमका तोच आकडा येईल असे पाच महिने मी मांडतो. पहिल्या फंडाचे परतावे टक्क्यांत २, −१, ३, ०, १. दुसऱ्याचे त्याच महिन्यांतले ३, −३, ४, १, ०. दोघांचीही सरासरी १. प्रत्येक परताव्यातून ती वजा केली की पहिल्याकडे १, −२, २, −१, ० उरतात आणि दुसऱ्याकडे २, −४, ३, ०, −१. आता त्या त्या महिन्याची जोडी गुणायची: २, ८, ६, ०, ०. दुसऱ्या महिन्यात दोन्ही फंड सरासरीच्या खाली गेले होते, म्हणून उणे गुणिले उणे अधिक ८ आले. बेरीज १६. नोंदी पाच, त्यातून एक कमी करून चारने भागलं की कोव्हेरियन्स ४.

मग ०.०००४ कुठून आला? २ टक्के हे ०.०२ असे लिहिले की प्रत्येक संख्या शंभरपट लहान होते आणि दोन संख्यांचा गुणाकार दहा हजारपट. परतावे तेच, फंड तेच, फक्त लिहिण्याची पद्धत बदलली. कोव्हेरियन्सचं चिन्ह तेवढं लगेच वाचता येतं: अधिक असेल तर दोघे सरासरीच्या एकाच बाजूला जाण्याकडे कल आहे, उणे असेल तर विरुद्ध बाजूंना. नातं किती घट्ट, हे त्याच्या आकारावरून कळत नाही.

त्यासाठी कोव्हेरियन्सला दोन्ही फंडांच्या प्रमाण विचलनांनी भागावं लागतं. पहिल्याच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १०, चारने भागून २.५, वर्गमूळ १.५८. दुसऱ्याची बेरीज ३०, भागून ७.५, वर्गमूळ २.७४. या दोहोंचा गुणाकार ४.३३ आणि ४ भागिले ४.३३ म्हणजे ०.९२. हा सहसंबंध गुणांक. तो −१ ते +१ च्या बाहेर जात नाही आणि टक्के असोत की दशांश, ०.९२ च राहतो. ‘संबंध नाही’ म्हणून विकलेली जोडी जवळजवळ एकाच चालीने चालते आहे.

आता तिसरा, जोरात वरखाली होणारा फंड घ्या: १२, −२, ६, ४, −१०. सरासरी २. पहिल्या फंडाशी त्याचा कोव्हेरियन्स ६ येतो, आधीच्या जोडीपेक्षा मोठा. सहसंबंध मात्र फक्त ०.४५. आकडा फुगला तो तिसऱ्याच्या ८.३७ इतक्या प्रमाण विचलनामुळे. पत्रकाचा तर्क लावला तर ही जोडी जास्त बांधलेली ठरते, प्रत्यक्षात ती सैल आहे. दोन जोड्यांची तुलना कोव्हेरियन्सवर करू नका म्हणतो ते यासाठीच.

म्हणून कोव्हेरियन्स निरुपयोगी ठरत नाही. हॅरी मार्कोवित्झने १९५२ साली मांडलेल्या पोर्टफोलिओच्या गणितात तोच थेट लागतो. पहिल्या दोन फंडांत निम्मे-निम्मे पैसे घातले तर विचरण २.५ चा पाव, ७.५ चा पाव आणि कोव्हेरियन्सचा निम्मा भाग मिळून ४.५ होतं, वर्गमूळ २.१२. दोघांच्या विचलनांची नुसती सरासरी २.१६. दोन फंड घेऊन हाती लागली ती एवढीच घट! एकाच पठडीचे दोन फंड म्हणजे वैविध्य नव्हे, हे इथे अनेकदा लिहिलंय आणि लिहीत राहणार. छोटा दिसणारा आकडा पत्रकात मुद्दाम निवडला जातो असा माझा संशय आहे. पुरावा नाही, पण सहसंबंध छापायला एक ओळ पुरली असती.

एक्सेलमध्ये हे करून पाहणाऱ्यांनी एक जागा सांभाळावी. `COVARIANCE.P` पाचने भागतं, `COVARIANCE.S` चारने. पहिल्याचं उत्तर ३.२ येतं, त्याला `STDEV.S` च्या विचलनांनी भागलं की ०.९२ ऐवजी ०.७४ मिळतं. चूक पकडायला एकाच फंडाचा स्वतःशी सहसंबंध काढा. १ आला पाहिजे. पाच नोंदींवर ०.८ आला तर सूत्रांची सरमिसळ झालेली आहे. `CORREL` वापरलं तर हा प्रश्नच येत नाही, फक्त त्याला परतावे द्या, एनएव्ही नको. दोन्ही एनएव्ही काही वर्षं चढत असतील तर त्यांचा सहसंबंध असाही मोठाच येतो. आणि पाच महिने मी हिशेब दिसावा म्हणून घेतले. वरच्या १६ पैकी ८ एकट्या दुसऱ्या महिन्याचे आहेत. तो वगळून बाकीच्या चार महिन्यांचा सहसंबंध काढला तर ०.८५ उरतो.