चार रकान्यांत न मावणारा ‘पडि’

चेन्नईच्या मद्रास विद्यापीठाचा तमिळ लेक्सिकन 1924 ते 1936 या काळात सहा खंडांत छापून झाला आणि 1939 मध्ये त्याची पुरवणी आली. एस. वैयापुरी पिळ्ळै यांच्या संपादनाखाली पूर्ण झालेल्या या कोशात एक लाखाहून अधिक शब्द आहेत. पुढे त्याचे अंकीकरणही झाले. जुन्या कोशाची छापील यादी शीर्षशब्द, व्याकरण, अर्थ आणि उदाहरण अशा चार रकान्यांत उतरवायला बसलेल्या प्रत्येकाने या कोशाचे एक पान तरी ओळ-ओळ वाचायला हवे.

त्यासाठी ‘पडि’ हा शब्द घ्यावा. कोशात तो अनेक नोंदींत विभागला आहे. ‘पडि-तल्’ म्हणजे धूळ किंवा गाळ खाली बसणे, ‘पडि-त्तल्’ म्हणजे वाचणे, शिकणे. शिवाय पायरी आणि धान्य मोजण्याचे माप या अर्थांची नामेही आहेत. पहिल्या क्रियापदापाशी `4 v. intr.` असे छापले आहे, दुसऱ्यापाशी `11 v. tr.` असे.

हा 4 किंवा 11 अर्थक्रमांक नव्हे. क्रियापद कोणत्या गणाचे आहे, ते हा आकडा सांगतो. चौथ्या गणामुळे ‘पडिन्दान्’ (तो स्थिरावला) हे भूतकाळी रूप होते, अकराव्यामुळे ‘पडित्तान्’ (त्याने वाचले). आकडा दिसला की नवा अर्थ सुरू झाला, असा नियम लिहिणारी आज्ञावली इथे क्रियापदाचा गण गिळते. वर जोडरेषेपुढचा भाग ‘प्रत्यय’ म्हणून छाटला, की दोन्ही क्रियापदांचा शीर्षशब्द नुसता ‘पडि’ उरतो आणि वाचणे व गाळ बसणे एकाच शब्दाचे दोन अर्थ होऊन बसतात. तक्ता मात्र दिसायला अगदी नीटनेटका असतो, म्हणून ही चूक महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांना याच जातीचा दुसरा सापळा ठाऊक असावा. मोल्सवर्थच्या 1857 च्या मराठी-इंग्रजी कोशात `m`, `f`, `n` ही अक्षरे लिंग दाखवतात. ‘घर’ या शब्दापुढचा `n` नपुंसकलिंगाचा आहे. लेक्सिकनमधला `n.` नुसता ‘नाम’ असे सांगतो. एकासाठी लिहिलेला नियम दुसऱ्यावर चालवला, तर तमिळची झाडून सारी नामे नपुंसकलिंगी ठरतील. संक्षेपांची यादी कोशाच्या सुरुवातीलाच दिलेली असते. ती आधी टंकून घ्यावी, नियम मागाहून लिहावेत.

म्हणून चार रकाने हा शेवटचा देखावा मानावा. मधला तक्ता अधिक रुंद हवा. त्यात समरूप शब्दाचा क्रमांक, गण, अर्थक्रमांक आणि संदर्भ वेगळे असावेत, दर अर्थाला स्वतंत्र ओळ असावी आणि एका रकान्यात मूळ नोंद जशीच्या तशी ठेवावी. रकान्यांमध्ये स्वल्पविराम न घालता टॅब घालावा, कारण अर्थांच्या मजकुरात स्वल्पविराम जागोजागी असतात. मूळ नोंद जवळ असली की नियम चुकला तरी पुन्हा पुस्तकापाशी जावे लागत नाही.

चूक कशी ओळखावी? व्याकरणाच्या रकान्यात कोणती मूल्ये किती वेळा आली, ते आधी मोजावे. हा रकाना तिसरा असेल, तर:

```
cut -f3 kosh.tsv | sort | uniq -c | sort -n
```

यादीच्या वरच्या टोकाला एकदा-दोनदाच आलेली मूल्ये दिसतात आणि बहुतेक बिघाड तिथेच सापडतात. दुसरी खूण वर्णक्रमाची. छापील कोश वर्णक्रमाने लागलेला असतो, त्यामुळे शीर्षशब्दांचा क्रम जिथे अचानक मोडतो तिथे बहुधा अर्थातला एखादा शब्द नव्या नोंदीचे सोंग घेऊन बसलेला असतो. क्रम तपासताना तमिळ वर्णमालेचाच क्रम लावावा. अर्थक्रमांक 1 वरून थेट 3 वर गेला, तर मधली ओळ हरवली आहे.

सर्वांत अवघड रकाना उदाहरणाचा. लेक्सिकनमध्ये अर्थानंतर काही ठिकाणी जुन्या काव्यातला तुकडा असतो, काही ठिकाणी नुसता ग्रंथाचा संक्षेप. ‘पिंगलम्’ या निघंटूचा संक्षेप असेल, तर तो शब्द त्या अर्थाने निघंटूत नोंदलेला आहे एवढेच कळते. वाक्य तिथे नाहीच. असा संक्षेप संदर्भाच्या रकान्यात जावा आणि उदाहरणाची जागा कोरी राहावी. ती कोरी जागा चेन्नईच्याच क्रिया प्रकाशनाच्या 1992 च्या कोशातली वाक्ये घेऊन भरण्याचा मोह होईल, कारण त्यात वापराची वाक्ये दिलेली आहेत. पण तो कोश आजच्या तमिळचा आहे. त्यातले वाक्य निघंटूतल्या अर्थाशेजारी ठेवले, तर तो जुना अर्थ आजही चालतो असे तक्ता सांगू लागेल.