शुक्रवारच्या फोनची वाट

आमच्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या बहुतेक मुली विचारतात, "या स्थळाला होकार देऊ का?" गेल्या पावसाळ्यात आलेल्या एका शिक्षिकेने मात्र वेगळेच विचारले. "मला नेहमी एकाच तऱ्हेची माणसं का आवडतात?"

ती कोकणातल्या एका शाळेत शिकवते. वय ३१. तिच्याच परवानगीने, पण ओळख पटेल असे तपशील बदलून, तिची हकिगत इथे देत आहोत. बाविसाव्या वर्षी तिची मंगनी झाली. मुलगा जहाजावर होता. वर्षभराने ती मोडली. चोविसाव्या वर्षी मुंबईत नोकरी करणाऱ्या एकाशी निकाह झाला आणि तीन वर्षांनी खुला घेऊन ती माहेरी परतली. आता दोन स्थळे चालून आली होती. एक जवळच्याच गावातला औषध दुकानदार. तो सांगितलेल्या वेळी फोन करतो, नीट बोलतो, दोन्ही घरांना पसंत आहे. दुसरा दुबईत असतो. निरोप पाठवला की पाच-पाच दिवस उत्तर नाही, मग अचानक एका रात्री दोन तास बोलतो.

"औषधवाल्याशी बोलताना मला काहीच वाटत नाही," ती म्हणाली. "आणि त्या दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघत रात्र रात्र झोप लागत नाही. अम्मी म्हणते नसीब. खाला म्हणते इस्तिखारा कर."

इस्तिखारा जरूर करावा. पण त्याआधी आपण काय काय करत आलो ते वहीत मांडून बघायला काय हरकत आहे? आम्ही तिला एक फुलस्केप कागद आडवा धरायला सांगितला. तिन्ही माणसांसाठी एकेक ओळ, आणि प्रत्येक ओळीत तीन गोष्टी. पहिल्यांदा त्याच्यातले काय आवडले? मन पहिल्यांदा कधी दुखावले? आणि मग मी काय केले? चौथा रकाना रिकामा ठेवायला सांगितला. या कामात एक पथ्य असते. माणूस कसा होता हे फार लिहायचे नाही. तो कितीही वाईट असला तरी ती त्याची कहाणी झाली. आपल्याला आपली वागणूक हवी असते, आणि ती तिसऱ्या रकान्यात असते.

दोन आठवड्यांनी ती कागद घेऊन आली. पहिल्या रकान्यात तिन्ही ठिकाणी जवळपास एकच शब्द होता. "शांत", "कमी बोलणारे", "गंभीर". दुसऱ्या रकान्यातही तेच. जहाजावरच्या मुलाने ईदला फोन करतो म्हणून केला नाही. नवऱ्याला आजारपण सांगितले तर तो "बरं" म्हणून टीव्ही बघत राहिला. दुबईवाल्याला तिने शाळेतला एक त्रास लिहून कळवला, त्यावर एक अक्षरही आले नाही. तिसरा रकाना मात्र तिने लिहून खोडला होता आणि पुन्हा लिहिला होता. "काही बोलले नाही. जास्त चांगली वागले." मंगनी असताना तिने फोनची तक्रार करणे सोडून दिले. सासरी नवऱ्याच्या आवडीचे जेवण आणखी मन लावून केले, स्वतःचे बोलणे कमी केले. तो माणूस वाईट नव्हता, हात कधी उगारला नाही. महिन्या-दीड महिन्यातून एखाद्या रविवारी तिला समुद्रावर न्यायचा, मोकळेपणाने बोलायचा, आणि त्या एका संध्याकाळवर ती पुढचे सहा आठवडे काढायची.

आता चौथ्या रकान्याचा प्रश्न. असे आपण सर्वांत आधी कधी वागलो होतो?

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "शुक्रवारचा फोन."

तिचे अब्बा कुवेतला होते. दोन वर्षांतून दोन महिने सुट्टी. घरात तेव्हा फोन नव्हता, शेजारच्या घरी यायचा. जुम्म्याच्या दिवशी सगळी भावंडे तिथे जाऊन बसायची. आधी दादी बोलायची, मग अम्मी, मग भाऊ. हिची पाळी येईपर्यंत बहुधा फोन कट व्हायचा. रडली तर अम्मी सांगायची, "अब्बा तिथे उन्हात राबतात, त्यांना त्रास नको द्यायला. शहाण्यासारखी वाग, पुढच्या वेळी नक्की बोलतील." ती शहाण्यासारखी वागली. अब्बा सुट्टीवर आले की पहिले चार दिवस ती दाराआडून बघायची, नंतर त्यांना चिकटून असायची, आणि अंगाला त्यांच्या अत्तराचा वास लागतो न लागतो तोच ट्रंका पुन्हा भरल्या जायच्या.

मायेने जवळ घेणारे माणूस दूर असते, ते अवचित येते, आणि ते यावे म्हणून आपण गप्प आणि गुणी राहायचे असते, असा धडा त्या मुलीने आठव्या वर्षापर्यंत पाठ केला. कुणी शिकवला नाही. पुढे जिथे जिथे ही वाट बघण्याची कळ उठली, तिथे तिथे तिला ते प्रेम वाटले. औषधवाल्याजवळ ती कळ उठतच नाही, म्हणून तिथे "काहीच वाटत नाही".

या विषयाचा पाया मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी घातलेल्या कामात आहे. १९५४ मध्ये त्या युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांतून घरोघर जाऊन आया आणि तान्ही मुले बघत बसत. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला त्यांनी एक साधी पद्धत बसवली. वर्षभराचे मूल आणि आई एका अनोळखी खोलीत. आई तीनेक मिनिटे बाहेर जाते, परत येते. मूल किती रडले यापेक्षा आई परतल्यावर ते काय करते, हे त्या टिपत. काही मुले थेट आईच्या कुशीत शिरून शांत होत. काही चिकटत आणि त्याच वेळी आईला मारतही. आणि काही आईकडे न बघता खेळण्यांशी खेळत राहत. ही तिसरी मुले बघणाऱ्याला फार समजूतदार वाटतात. पुढे इतर संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते जोरात पडत होते. मुलाला गरज होतीच, पण ती दाखवायची नाही हे ते वर्षाच्या आत शिकले होते. १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर या दोघांनी असेच साचे मोठ्या माणसांच्या प्रेमसंबंधांतही दिसतात, असे मांडले.

"आमची मुलगी लहानपणापासून फार समंजस, कधी काही मागितलं नाही," असे कौतुक आपल्या घरांत होते, तेव्हा आम्हाला ती खेळण्यांशी खेळणारी मुले आठवतात.

मात्र हे सारे गणितासारखे पक्के नाही. बाप परदेशी असलेली सगळीच मुले अशी होत नाहीत. घरी आई, नानी किंवा एखादी फुफी मुलाचे ऐकून घेणारी असेल, बापाची आठवण काढून रडायची मुभा असेल, तर बरेच सावरले जाते. उलट बाप रोज संध्याकाळी घरी येतो, पण वर्तमानपत्राच्या आडून बाहेर पडत नाही, असेही असते. तेव्हा मैलांचे अंतर हा मुद्दा नव्हे. दुबईत राहणारा प्रत्येक जण मनानेही दूर असतो असे नाही, सांगितलेल्या वेळी फोन करणारेही तिथे पुष्कळ आहेत. लहानपणाचा ठसा मोठेपणी उमटतो, पण फिकाही होतो. आणखी एक स्पष्ट सांगू. मारहाण किंवा फसवणूक झाली असेल तर "माझाच साचा चुकला" म्हणत स्वतःला दोष देऊ नये. त्याचा दोष करणाऱ्याचाच.

आता "काहीच वाटत नाही" याचे काय? हे दोन तऱ्हेचे असू शकते आणि ते वेगळे काढावे लागते. माणूस खरेच आपल्याला रुचत नसेल तर त्याच्याशी बोलताना कंटाळा येतो, घृणा येते, विषय संपतात. आणि नुसती ओढ लागत नसेल तर बोलणे चालू असते, हसूही येते, फक्त फोन ठेवल्यावर छातीत धडधड होत नाही. तिला आम्ही एकच काम दिले. दोघांनाही स्वतःबद्दलची एक छोटी, खरी गोष्ट सांगायची. तक्रार नको, परीक्षा घेतोय असे दाखवायचे नाही. आणि आठवडाभर बघायचे, ती गोष्ट त्यांच्याकडून परत येते का.

तिने दोघांनाही सांगितले की सातवीतली एक मुलगी शाळा सोडणार आहे आणि मला त्याचा त्रास होतो. दुबईहून काही आले नाही, मग सहाव्या दिवशी गुलाबांचे एक चित्र आले. औषधवाल्याने त्या वेळी फार काही म्हटले नाही. पण पुढच्या फोनला त्याने आधी विचारले, "त्या मुलीचं काय झालं?" तिने आम्हाला सांगितले, "मला बरं वाटायला हवं होतं. मला भीती वाटली. फोन ठेवून द्यावासा वाटला."

आम्हाला यात नवल वाटले नाही. ज्याला कायम दाराबाहेर उभे राहायची सवय आहे, त्याला कुणी "आत या" म्हटले की पाय अडखळतात. इथेच अनेकजणी स्थळ नाकारतात आणि मन लागत नाही असे कारण देतात. आम्ही तिला घाई करू नको म्हणालो, होकाराचीही आणि नकाराचीही.

एक चूक ती करणार होती, ती मात्र टळली. कागद घेऊन ती अब्बांकडे जाब विचारायला निघाली होती. अब्बा आता साठी ओलांडून घरीच असतात, सकाळी पडवीत बसून नारळ सोलतात. आम्ही म्हटले, जाब नको, नुसते विचार. तिने विचारले, "अब्बा, तेव्हा फोनवर माझी पाळी का येत नसे?"

त्यांनी कोयता खाली ठेवला. म्हणाले, "फोनचा दर भारी होता गं. कुणाला काय विचारायचं ते मी कागदावर लिहून न्यायचो. तुझं नाव मुद्दाम शेवटी लिहायचो, तुझ्याशी निवांत बोलता यावं म्हणून. पण तोवर पैसे संपायचे."

ती सांगत होती की त्यानंतर दोघेही बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग तिने नारळाचे करवंटे गोळा करायला घेतले. औषधवाल्याला अजून उत्तर दिलेले नाही. पण मागच्या रविवारी तो पाच वाजता फोन करतो म्हणाला होता आणि साडेपाच वाजले, तेव्हा ती गप्प राहिली नाही. तिने स्वतःच फोन लावला आणि म्हणाली, "मी वाट बघत होते." तो म्हणाला, "दुकानात गर्दी होती, कळवायला हवं होतं, चुकलं." तिने तो कागद पुन्हा काढला आणि चौथ्या ओळीच्या तिसऱ्या रकान्यात लिहिले, "बोलले."