तारीख पुन्हा भरली, तरी पैसे गेलेच?

मंगल कार्यालयाच्या पावतीवर, बहुधा मागच्या बाजूला आणि बारीक अक्षरांत, एक ओळ छापलेली असते : ‘बुकिंग रद्द झाल्यास आगाऊ रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.’ मुहूर्ताची तारीख मिळाल्याच्या आनंदात ती कोणी वाचत नाही. वाचली तरी ‘आपलं कुठे रद्द होणार आहे’ म्हणून पुढे जातात. कार्यालयांचे चालक या ओळीचं समर्थन करताना नेहमी हंगामाचा दाखला देतात. लग्नाच्या तारखा मोजक्या, वर्षाची कमाई त्यांच्यावरच, आणि एकाने अडवून ठेवलेली तारीख सोडून दिली की ती कायमची गेली, असं त्यांचं म्हणणं. यातली पहिली दोन विधानं खरी आहेत. तिसरं मात्र पहिल्या दोहोंच्या विरुद्ध जातं. वाद आहे तो एवढाच.

तारखा मोजक्या का असतात हे पाहिलं की ते लक्षात येतं. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत बहुतेक घरांत कार्य काढत नाहीत. गुरू किंवा शुक्राचा अस्त आला की आणखी आठवडे जातात. २०२४ साली शुक्राच्या अस्तामुळे मे-जूनचा ऐन हंगाम जवळजवळ कोरडा गेला. २०२६ साली १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे पुन्हा तेच. उरलेल्या मुहूर्तांवर सगळ्यांची उडी पडते आणि त्यातही शनिवार-रविवार आला तर विचारायलाच नको. अशा तारखेसाठी कार्यालयाकडे विचारणा करणारे एक नसतात, अनेक असतात, आणि नाही म्हणून परत पाठवलेल्यांचे फोन नंबर वहीत लिहिलेले असतात. म्हणजे जी तारीख सर्वांत दुर्मीळ तीच सुटली तर सर्वांत लवकर पुन्हा भरते. हंगाम जितका कडक, तितकं वेळेत रद्द झालेल्या बुकिंगमुळे होणारं नुकसान कमी. चालक ज्या कारणासाठी पैसे राखून ठेवतात, ते कारण पैसे परत करण्याच्या बाजूचं आहे.

आकडे मांडून पाहू. समजा, मे महिन्यातल्या एका रविवारसाठी कार्यालयाचं भाडं दोन लाख ठरलं. नोव्हेंबरमध्ये निम्मं, म्हणजे एक लाख, आगाऊ दिलं. फेब्रुवारीत सोयरीक मोडली आणि वधूपक्षाने लेखी कळवून बुकिंग रद्द केलं. मार्चमध्ये तीच तारीख दुसऱ्या कुटुंबाला एक लाख ऐंशी हजारांना गेली. चालकाचं नुकसान किती? भाड्यातला फरक वीस हजार, आणि पुन्हा नोंद करणं, फोन, जाहिरात यांचे फार तर पाच हजार. त्याने राखून ठेवले एक लाख. वरचे पंचाहत्तर हजार ही भरपाई नव्हे. मोडलेल्या लग्नातून झालेली कमाई आहे. पूर्ण भाड्याच्या लग्नातून जेवढं मिळालं असतं त्यापेक्षा जास्त पैसे त्या तारखेवर जमले.

आता हेच बुकिंग लग्नाच्या आठ दिवस आधी रद्द झालं असं धरू. इतक्या उशिरा तारीख कोणी घेत नाही. पत्रिका वाटून झालेल्या असतात, केटररचं ठरलेलं असतं, ज्यांना नकार दिला त्यांनी दुसरीकडे सोय केलेली असते. कार्यालय रिकामं राहिलं. वीज, पाणी, साफसफाई, हंगामी माणसं यांचा वाचलेला खर्च तीस हजार धरला तर नुकसान एक लाख सत्तर हजारांचं, आणि चालकाच्या हातात आहेत लाखच. त्याच्या छापील अटीत ‘आगाऊ रक्कम जप्त’ एवढंच म्हटलं असेल, तर त्यापुढचं मागायला त्याला फारसा आधार उरत नाही. सरसकट जप्तीची अट अशी दोन्हीकडून चुकते : लवकर कळवणाऱ्याला ती लुबाडते आणि उशिरा कळवणाऱ्याला स्वस्तात सोडते. शिवाय लवकर कळवण्याचं कारणच काढून घेते. पैसे जाणारच असतील तर फेब्रुवारीत कळवा नाहीतर मेमध्ये, ग्राहकाला काय फरक? चालकाला मात्र त्या तीन महिन्यांतच सगळा फरक असतो.

यावर पहिला आक्षेप सहीचा. अट मान्य करून सही केली, मग तक्रार कसली? पण करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणजे ती आपोआप वसूल होते, असं आपला कायदा मानत नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याचं ७४ वं कलम सांगतं की करारभंगासाठी रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर अन्यायकारक कराराची व्याख्याच दिली आणि होणाऱ्या नुकसानीशी प्रमाण न राखणारा दंड तीत घातला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि जाणकार चालक तोच करतात. जमीनजुमल्याच्या व्यवहारात इसार जप्त होतो, न्यायालयंही ते मान्य करतात, मग कार्यालयाने काय घोडं मारलंय? हे खरं आहे की वाजवी इसाराची जप्ती हा दंड मानला जात नाही. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने मौला बक्ष खटल्यात हे स्पष्ट केलं. पण त्याच निकालात, लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासे पुरवण्याच्या ठेक्यापोटी ठेवलेली अनामत सरकारला जप्त करू दिली नाही, कारण झालेलं नुकसान सिद्ध करता येण्यासारखं असूनही सरकारने ते सिद्ध केलं नव्हतं. भाड्याचा निम्मा हिस्सा इसार म्हणून खपवणं कठीण आहे. तो भाड्याचाच हप्ता आहे.

त्याहून जवळचा दाखला कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालाचा. भिकाजी कामा प्लेसमधला भूखंड १९८२ साली लिलावात ३ कोटी १२ लाखांना गेला, बोली लावणाऱ्याने ७८ लाख भरले, पुढे व्यवहार फिसकटला आणि प्राधिकरणाने ते ७८ लाख जप्त केले. नंतर तोच भूखंड ११ कोटी ७८ लाखांना विकला गेला. न्यायालयाने रक्कम व्याजासह परत करायला लावली. बोली लावणाऱ्याने मुळात करारभंग केलाच नव्हता, असाही निष्कर्ष त्यात होता, हे सांगायला हवं. पण ७४ व्या कलमाखाली भरपाई मागायची तर नुकसान व्हायला हवं, हे तत्त्व न्यायालयाने वेगळं आणि ठामपणे मांडलं. वस्तू पुन्हा विकून जास्त पैसे आले तर जप्ती कशाची, हा प्रश्न भूखंडाला जसा लागू तसाच मेमधल्या रविवारला.

तारीख पुन्हा भरली हे ग्राहकाला कळणार कसं, असंही विचारलं जातं. एवढं अवघड नाही. त्या दिवशी कार्यालयाच्या दारावर कोणा दोघांच्या नावांची फुलांची पाटी असते. तिचा फोटो पुरेसा बोलतो. जीएसटीची सबबही अशीच तकलादू. ‘कर सरकारजमा झाला, तो आता परत कसा देणार’ असं सांगितलं जातं, पण सेवा न देता आगाऊ रक्कम परत करायची वेळ आली तर परताव्याचं व्हाउचर काढण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

काही चालक म्हणतात, आम्ही पैसे बुडवत नाही, सहा महिन्यांत दुसरी तारीख देतो. ऐकायला उदार वाटतं. १० मे २०२६ चं लग्न घरातल्या मृत्यूमुळे पुढे ढकललं असं धरून पंचांग उघडा. १७ मेपासून महिनाभर अधिक मास, २५ जुलैला आषाढी एकादशी, आणि सहा महिन्यांची मुदत संपते १० नोव्हेंबरला, तुळशीच्या लग्नाच्याही आधी. उरले जून-जुलैमधले पावसातले मोजके दिवस, आणि तेही कार्यालय मोकळं असेल तर. तारीख बदलून देण्याची सवलत द्यायचीच तर ती महिन्यांत मोजू नये. पुढच्या हंगामाच्या अखेरीपर्यंत द्यावी.

मग अट कशी असावी? छोटी रक्कम, भाड्याच्या पाच-दहा टक्क्यांइतकी, न परतणारी ठेवायला माझी हरकत नाही. नोंदीच्या कामाचे आणि अडवलेल्या दिवसांचे ते दाम आहेत. त्यापुढची कपात लग्न किती दिवसांवर आहे यावर चढत जावी, आणि शेवटच्या पंधरवड्यात ती पूर्ण भाड्यापर्यंत गेली तरी चालेल. त्याखाली एकच वाक्य हवं : तारीख पुन्हा भरल्यास प्रत्यक्ष तूट आणि नोंदणीखर्च वजा करून बाकी रक्कम पंधरा दिवसांत परत. मोडतोडीसाठी घेतलेली अनामत या हिशोबात येऊच नये. कार्य झालंच नाही तर मोडतोड कुठली? ती सबंध परत.

तारीख धरून ठेवण्याबद्दल मात्र मी चालकांच्या बाजूचा आहे. चार कार्यालयांत ‘आमचं नाव लिहून ठेवा’ सांगून आठवडाभर घरात चर्चा करणारी कुटुंबं थोडी नाहीत, आणि त्या आठवड्यात खरा गरजू परत जातो. फुकट धरलेली तारीख चालकाने तिसऱ्याला देऊन टाकली तर कायद्याने ग्राहकाच्या हातात जवळपास काही नसतं. मोबदल्याशिवाय दिलेला शब्द पाळायला त्याला भाग पाडता येत नाही. म्हणून तीन दिवसांच्या मुदतीसाठी दोन-चार हजार घ्यावेत, पावतीवर मुदत संपण्याची तारीख आणि वेळ लिहावी, बुकिंग पक्कं झालं तर ते भाड्यात वळते करावेत, नाहीतर ठेवून घ्यावेत. पैसे देणाऱ्याला तारीख खात्रीने मिळते आणि हौशी चौकशांना आळा बसतो.

हा न्याय दोन्ही बाजूंना लागू झाला पाहिजे. ‘व्यवस्थापन कोणतेही कारण न देता बुकिंग रद्द करू शकेल’ हे कलम अनेक पावत्यांवर त्या पहिल्या ओळीच्या शेजारीच असतं. कारण न देता एकतर्फी करार मोडण्याचा असा अधिकारही २०१९ च्या कायद्यातल्या अन्यायकारक कराराच्या व्याख्येत बसतो. चालकाने तारीख काढून घेतली तर आगाऊ रक्कम व्याजासह आणि दुसऱ्या कार्यालयाच्या भाड्यातला फरक त्याने द्यावा. सरकारी बंदीमुळे कार्यच अशक्य झालं, जसं २०२० च्या टाळेबंदीत झालं, तर कोणाचाच दोष नसतो; करार कायद्याची ५६ आणि ६५ ही कलमं अशा वेळी घेतलेला लाभ परत करायला सांगतात.

चेक फाडण्याआधी पावती उलटी करून वाचा आणि पुन्हा भरलेल्या तारखेचं ते वाक्य हाताने लिहून चालकाची सही घ्या. हंगामातही आधी विचारलं तर तयार होणारे चालक सापडतात. पैसे आधीच अडकले असतील तर रद्द केल्याचं लेखी कळवून पोच जपून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.